खोकला आठवडाभर वाढतोय: फोनवर बोलण्याआधी डॉक्टरांना मेसेज कसा लिहावा

"डॉक्टर, आईला आठवडाभर खूप खोकला आहे. सिरप दिलं, फरक नाही. अँटिबायोटिक चालू करू का?"

फॅमिली डॉक्टर म्हणून असे मेसेज मला कायम येतात. लिहिणाऱ्याची काळजी त्यात दिसते, पण मला काही ठरवता येईल असं त्यात जवळजवळ काहीच नसतं. मग फोनवरचा बराचसा वेळ तारखा आणि गोळ्यांची नावं विचारण्यात जातो, आणि मुख्य प्रश्नापर्यंत पोहोचेस्तोवर दोघंही घाईला आलेले असतात.

फोनवर खोकल्याबद्दल बोलताना मला आधी एकच गोष्ट ठरवायची असते: या माणसाला फोनवर सल्ला देऊन भागेल, की छातीला स्टेथोस्कोप लावूनच पाहायला हवं? मला तिथून छाती ऐकता येत नाही, ओठांचा रंग दिसत नाही, माणूस खुर्चीत कसा बसलाय ते कळत नाही. ही उणीव तुमचा मेसेज भरून काढू शकतो. खाली जे सांगतेय ते मोठ्या माणसांसाठी आहे. लहान मुलांचे श्वासाचे आकडे आणि औषधांचे डोस वेगळे असतात, आणि तान्ह्या बाळाला खोकला व धाप असेल तर मेसेज लिहीत बसू नये, बाळाला थेट दाखवायला न्यावं.

आधी हे बघा: मेसेज लिहायला वेळ आहे का?

बसल्या जागी धाप लागतेय, एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर दिसतायत, थुंकीतून रक्त पडतंय, छातीत दाब आल्यासारखं दुखतंय, माणूस गोंधळल्यासारखा बोलतोय किंवा उठवूनही नीट जागा होत नाही, यातलं एक जरी असेल तरी फोनची वेळ येईपर्यंत थांबू नका, तातडीच्या सेवेत न्या. घरी ऑक्सिमीटर असेल आणि फुप्फुसाचा जुना आजार नसताना आकडा ९२ किंवा त्याखाली स्थिर दाखवत असेल, तर तेव्हाही हेच करा.

पायरी १: श्वास मोजा, मग बाकीचे आकडे

आकडे म्हटलं की सगळे थर्मामीटर शोधतात. पण खोकल्याच्या पेशंटमध्ये मला सर्वांत जास्त उपयोगी पडणारा आकडा श्वासाचा असतो, आणि तोच कुणी पाठवत नाही. त्याला घड्याळाशिवाय काही लागत नाही.

पेशंटला दहा मिनिटं शांत बसू द्या. जिना चढून आल्यावर किंवा खोकल्याची उबळ येऊन गेल्यावर लगेच मोजू नका. "तुझे श्वास मोजतेय" असं सांगूही नका, कारण सांगितलं की माणूस नकळत श्वास बदलतो. मनगटावर बोटं ठेवून नाडी बघताय असं भासवा आणि नजर छातीवर किंवा पोटावर ठेवा. छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण एका श्वासाची चूक तिथे चार श्वासांची होते. मोठ्या माणसाचे श्वास विश्रांतीत साधारण १२ ते २० असतात. २४-२५ च्या पुढे गेले तर मला त्याच दिवशी तपासायचं असतं, आणि ३० च्या घरात असतील तर सरळ हॉस्पिटल.

ऑक्सिमीटर वापरताना बोट गार नको आणि नखाला नेलपॉलिश नको. यंत्र लावल्याबरोबर दिसणारा पहिला आकडा धरू नका. साधारण मिनिटभर थांबा, आकडा एका जागी टिकला की लिहा. खाली नाडीचाही आकडा येतो, तोही पाठवा. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त दाखवतं. म्हणून ९५ आकडा दिसतोय पण माणूस धापा टाकतोय, अशा वेळी माणसाकडे बघून ठरवा.

तापाचा नुसता आकडा अर्धवट असतो. "१००" एवढंच लिहिलं तर मला काय समजायचं? गोळी घेतल्यावर दोन तासांनी आलेला १०० आणि गोळीचा असर पूर्ण उतरल्यावरचा १०० यांत खूप फरक आहे. म्हणून तीन गोष्टी एकत्र लिहा: किती, कुठे लावून, आणि तापाची शेवटची गोळी किती वाजता. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमी येतो. त्यात स्वतःच्या मनाने एक अंश मिळवू नका, जो दिसला तोच लिहा आणि "काखेत" असं नमूद करा.

पायरी २: आठवडा दिवसवार मांडा

"खोकला वाढतोय" हे खरं असलं तरी तो कसकसा वाढत गेला ते मला बघायचं असतं. साध्या सर्दीनंतरचा व्हायरल खोकला आठवड्यात जात नाही. तो बरेचदा अडीच-तीन आठवडे रेंगाळतो, आणि आठव्या दिवशी खोकला आहे म्हणून आपोआप औषध बदलायचं कारण नसतं. पण तो रेंगाळताना हळूहळू उतरत जातो. माणूस दोन दिवस बरा झाल्यासारखा वाटला आणि मग पुन्हा थंडी वाजून ताप आला, असं झालं की माझे कान टवकारतात. सर्दीच्या पाठोपाठ फुप्फुसात जंतूंचा संसर्ग शिरतो तेव्हा बऱ्याचदा आजार असा दोन टप्प्यांत चढतो. ही दुसरी चढण "आठवडाभर खोकला" या दोन शब्दांत पूर्णपणे लपून जाते.

म्हणून वार टाकून लिहा, पण रोजनिशी नको. ज्या दिवशी काही बदललं तोच दिवस लिहा. बदल म्हणजे खोकला सुक्याचा ओला झाला, ताप आला किंवा गेला, रात्रीची झोप उडाली, जिना चढताना दम लागायला लागला, जेवण कमी झालं. मधले चांगले दिवस आवर्जून लिहा. लोक नेमके तेच गाळतात, कारण त्यांना वाटतं डॉक्टरांना फक्त त्रास सांगायचा असतो.

बेडक्याचा रंग लिहायला हरकत नाही, पण त्यावर फार विसंबू नका. पिवळा किंवा हिरवा बेडका म्हणजे अँटिबायोटिक लागणारच, हा समज घट्ट बसला आहे आणि तो चुकीचा आहे. व्हायरल सर्दीतही बेडका पिवळा-हिरवा होतो. रक्ताची रेघ, गंजासारखा तांबूस रंग किंवा घाणेरडा वास यांना मात्र महत्त्व आहे. खोकला कधी वाढतो तेही थोडक्यात सांगा. आडवं पडल्यावर वाढणारा, पहाटे शिट्टीसारख्या आवाजासकट येणारा आणि जेवणानंतर ढास लागून येणारा, हे तीन खोकले मला तीन वेगळ्या दिशांना नेतात. आणि दुखत असेल तर "छातीत दुखतं" एवढ्यावर सोडू नका. खोकून खोकून दोन्ही बरगड्या दुखणं वेगळं, आणि खोल श्वास घेतला की एकाच बाजूला कळ येणं वेगळं.

पायरी ३: औषधं पाकीट हातात घेऊन लिहा

मेसेजमधला सर्वांत कच्चा भाग नेहमी हाच असतो. "सर्दीची गोळी", "लाल सिरप", "मागच्या वेळी दिलेलं अँटिबायोटिक" यावरून मला काही कळत नाही. आठवणीतून लिहू नका. घरातली सगळी पाकिटं आणि बाटल्या टेबलावर आणा आणि बारीक अक्षरांत छापलेली घटकद्रव्यं वाचा. प्रत्येकाचं नाव, ताकद, दिवसातून किती वेळा, कोणत्या दिवसापासून आणि फरक पडला की नाही, हे एका ओळीत मावतं. नाव वाचता येत नसेल तर पाकिटाच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो पाठवा.

घटकद्रव्यं वाचायचं कारण सांगते. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतंच. समजा एका गोळीत ते ५०० मिलिग्रॅम आहे आणि दिवसातून ३ गोळ्या घेतल्या, तर झाले १५००. त्याच दिवशी तापासाठी वेगळी ६५० ची गोळी ४ वेळा घेतली, तर आणखी २६००. बेरीज ४१००. मोठ्या माणसासाठी २४ तासांतली कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम आहे, आणि वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू घेतली जात असेल तर त्याहूनही कमी. घरच्यांच्या लेखी "एक सर्दीची आणि एक तापाची" अशा दोन वेगळ्या गोळ्या असतात, पण यकृताला दोन्हींतून एकच औषध मिळत असतं. याच मिश्र गोळ्यांमध्ये फिनायलेफ्रिनसारखं नाक मोकळं करणारं औषधही असतं, आणि त्याने रक्तदाब वाढू शकतो.

नेहमीच्या गोळ्याही लिहा, कितीही वर्षं चालू असल्या तरी. रक्तदाबाच्या काही गोळ्या, रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल अशा "प्रिल" शेवट असलेल्या, काही जणांना सुका, घशात खाजल्यासारखा खोकला लावतात. हा खोकला गोळी सुरू केल्यावर थोड्या दिवसांत किंवा काही महिन्यांनीही येऊ शकतो, आणि त्यात ताप किंवा बेडका नसतो. असा संशय आला तरी गोळी स्वतःहून बंद करू नका, मेसेजमध्ये विचारा. दमा असेल तर तेही लिहा, आणि अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतली असेल तर तीही, कारण काही दमेकऱ्यांचा दमा तिने उसळतो.

उरलेल्या अँटिबायोटिकच्या एक-दोन गोळ्या दिल्या असतील तर कृपा करून लपवू नका. मी रागवेन म्हणून लोक हे सांगत नाहीत. मला ते कळायला हवं, कारण दोन गोळ्यांनी आजार बरा होत नाही, पण बेडक्याच्या तपासणीत जंतू सापडणं अवघड होऊ शकतं. लेव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्यांनी तर क्षयरोगाची लक्षणं काही काळ दबतात आणि निदान लांबतं. नाव, ताकद, किती गोळ्या, शेवटची कधी, एवढं पुरे.

अ‍ॅलर्जी लिहिताना काय झालं होतं ते लिहा. "पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी" या शब्दांमागे कधी नुसती मळमळ असते, कधी अंगावर पुरळ, आणि कधी चेहरा सुजून श्वास अडकलेला असतो. मी पुढे कोणतं औषध निवडणार ते यावरून ठरतं.

पायरी ४: प्रश्न तीनच, आणि उत्तर देता येईल असे

"काळजीचं काही नाही ना?" या प्रश्नाला फोनवर प्रामाणिक उत्तर देता येत नाही. "फोनवर भागेल की आज दाखवायला आणू?" याला देता येतं. प्रश्न ठरवण्याचा सोपा मार्ग म्हणजे आज रात्रीपर्यंत तुम्हाला काय काय ठरवावं लागणार आहे ते बघणं. कोणती गोळी द्यायची, कोणती थांबवायची, उद्या कामावर जायचं का, घरातल्या म्हाताऱ्या माणसापासून लांब राहायचं का. यातले सर्वांत महत्त्वाचे तीन घ्या. दहा प्रश्न पाठवले की मधलेच हरवतात. अँटिबायोटिकबद्दल विचारायचं असेल तर "चालू करू का?" यापेक्षा "लागेल असं वाटतं का, आणि नसेल तर कशावरून?" असं विचारा. त्याचं उत्तर पुढच्या खेपेलाही उपयोगी पडतं.

पूर्ण मेसेज

सुरुवातीच्या तीन वाक्यांच्याच घरातून, त्याच पेशंटबद्दल, वरच्या पायऱ्या करून लिहिला तर मेसेज असा होईल:

> नमस्कार डॉक्टर. आज ११ वाजता फोन ठरलाय. पेशंट माझी आई, वय ५८, रक्तदाब आणि मधुमेह. मी मुलगी लिहितेय, फोनच्या वेळी आई शेजारी असेल.
>
> मुख्य त्रास: ८ दिवस सर्दी-खोकला. मध्ये दोन दिवस बरं होतं, सोमवारपासून पुन्हा ताप आणि जास्त खोकला.
>
> गेल्या बुधवारी घसा आणि नाक सुरू झालं, ताप ९९.८. शुक्रवारपासून सुका खोकला. शनिवार-रविवार ताप नाही, खोकला कमी, नीट जेवली. सोमवारी पहाटे थंडी वाजून १०१.६, बेडका पडायला लागला, पिवळसर, रक्त नाही. काल रात्री खोकल्याने झोप नाही. कालपासून खोल श्वास घेतला की उजव्या बरगडीखाली कळ येते. जिना चढताना थांबावं लागतं, आधी लागत नव्हतं.
>
> आज सकाळी ७ वाजता, बसून: श्वास मिनिटाला २२, ऑक्सिजन ९५, नाडी १०४, ताप १०१.२ काखेत (तापाची शेवटची गोळी काल रात्री ११ ला), रक्तदाब १४६/९०, उपाशीपोटी साखर १६८. बोलणं नीट, गोंधळ नाही. पाणी पितेय, जेवण निम्म्यावर.
>
> नेहमीच्या गोळ्या: रामिप्रिल ५ सकाळी (३ वर्षं), मेटफॉर्मिन ५०० दोनदा.
> या आजारात: सर्दीची मिश्र गोळी (पॅरासिटामॉल ५००, फिनायलेफ्रिन, क्लोरफेनिरामिन) शुक्रवारपासून दिवसाला ३. पॅरासिटामॉल ६५० सोमवारपासून दिवसाला ४. डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं सिरप रात्री १० मिली, शनिवारपासून, फरक नाही. अझिथ्रोमायसिन ५००, घरात उरलेली, सोमवारी १ आणि काल १, आज दिलेली नाही.
> अ‍ॅलर्जी: पूर्वी अ‍ॅमॉक्सिसिलिनने अंगावर पुरळ. सूज किंवा दम नव्हता.
>
> प्रश्न: १) फोनवर भागेल की आज छाती तपासायला आणू? २) अझिथ्रोमायसिन पुढे द्यायची की थांबवायची? ३) हा खोकला रामिप्रिलचा असू शकतो का, आजची गोळी द्यायची ना?

हा मेसेज वाचायला मला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि निम्मं काम फोन लावण्याआधीच झालेलं असतं. एकही आकडा एकटा घेतला तर घाबरवणारा नाही. पण दोन दिवसांच्या आरामानंतर थंडी वाजून आलेला ताप, श्वासाबरोबर एकाच बाजूला येणारी कळ, जिन्यावर लागणारा नवा दम आणि मधुमेह, हे सगळं एका रांगेत आलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठरतं: फोनवर नको, आजच आणा. छाती ऐकायची आणि बहुधा एक्स-रे काढायचा. मिश्र गोळी लगेच बंद, कारण त्यात पॅरासिटामॉल दुहेरी होतंय आणि रक्तदाबही वर आहे. अँटिबायोटिकचा निर्णय तपासल्यावर, आणि पुरळाची नोंद असल्यामुळे निवड त्या हिशोबाने. ताप आणि बेडका असल्यामुळे रामिप्रिलवर हा आजार ढकलता येत नाही. पाणी पोटात राहतंय आणि रक्तदाब पडलेला नाही, तेव्हा आजची गोळी चालू ठेवायची. उलट्या किंवा जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं असतं तर हे उत्तर बदललं असतं.

पाठवताना आणि फोनवर

मेसेज लिहूनच पाठवा. व्हॉइस नोटमध्ये पाकिटावरचं नाव नीट ऐकू येत नाही आणि एखादा आकडा पुन्हा बघायचा झाला तर सगळं परत ऐकावं लागतं. तुकड्या-तुकड्यांनी वीस मेसेज नकोत, एकच सलग पाठवा आणि फोटो त्याखाली. ठरलेल्या वेळेच्या तास-दोन तास आधी पाठवा, म्हणजे आकडे ताजे राहतात. दवाखान्याने मेसेजसाठी वेगळा नंबर दिला असेल तर तोच वापरा. नातेवाइकांच्या ग्रुपवर पेशंटची माहिती टाकून तिथून पुढे पाठवू नका.

फोनच्या वेळी पेशंट शेजारी असू द्या आणि शक्य असेल तर त्यालाच बोलू द्या. माणूस बोलताना किती वेळा श्वासासाठी थांबतो, खोकला कसा येतो, हे मला कानांनी कळतं आणि ते कुठल्याही मेसेजमध्ये लिहिता येत नाही. मी सांगितलेलं औषध, डोस आणि किती दिवस, हे लिहून घेऊन मला परत वाचून दाखवा. फोन ठेवण्याआधी एक गोष्ट जरूर विचारा: काय झालं तर वाट न बघता हॉस्पिटलला जायचं, आणि तसं काही झालं नाही तर पुन्हा कधी कळवायचं.

पुन्हा कळवताना जुना मेसेज तसाच ठेवून त्याखाली नवा वार टाका. त्याच वेळेला, त्याच पद्धतीने मोजलेले श्वास, ऑक्सिजन आणि ताप, सुरू केलेलं औषध कितव्या दिवसात आहे, आणि झोप व जेवण सुधारलं का, एवढंच लिहा. खोकला तिसऱ्या आठवड्यातही चालू असेल, किंवा वजन उतरत असेल, रात्री घाम येत असेल, तर "तेच औषध आणखी घेऊ का" असं विचारण्याऐवजी ही लक्षणं सर्वांत वर लिहा. तेव्हा सिरप बदलण्याआधी बेडक्याची क्षयरोगासाठी तपासणी आणि छातीचा एक्स-रे यांचा विचार करावा लागतो.